मधले नाव, शेरा आणि जर्मन भाषांतर

रोजमेळातली रक्कम खतावणीत चढवताना आपण ती सुधारत नाही. रोजमेळात चूक असेल तर आधी तिथेच दुरुस्तीची नोंद होते, तिच्यावर सही होते आणि मग ती खतावणीत जाते. पेढीवर पिढ्यान्पिढ्या पाळला गेलेला हा नियम जन्मदाखल्याच्या जर्मन भाषांतरालाही लागू पडतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर अशा कामाशी माझा संबंध येईल असे वाटले नव्हते. पण पुतणीच्या कागदपत्रांनी जवळजवळ वर्षभर मला त्यात गुंतवून ठेवले आणि त्या वर्षात जे पाहिले ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

पुतणी आणि आमचे जावई नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. तिथेच त्यांना मुलगी झाली. जर्मन कायद्याप्रमाणे जन्माची वर्दी एका आठवड्याच्या आत स्थानिक नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते. या कार्यालयाला तिकडे श्टांडेसआम्ट म्हणतात. बाळाच्या नोंदीत आईवडिलांची नावे लिहिताना हे कार्यालय त्यांच्या केवळ पारपत्रावर अवलंबून राहत नाही. आईचा जन्मदाखला, वडिलांचा जन्मदाखला आणि दोघांचा विवाहदाखला मागते आणि हे कागद जर्मन भाषेत नसतील तर त्यांचे अधिकृत भाषांतरही मागते. आमच्याकडचे कागद गेले, पण जन्मदाखला काही हाती आला नाही. त्याऐवजी नोंदीचा एक प्रमाणित उतारा मिळाला आणि त्यात आईच्या नावाखाली ‘नामेन्सफ्यूरुंग सिद्ध झालेली नाही’ असा शेरा होता. या शब्दाचा अर्थ असा की ही बाई कोण हे आम्हाला समजते, परंतु कायद्याने ती नेमके कोणते नाव धारण करते, हे दिलेल्या कागदांवरून ठरत नाही.

तो शेरा निघाल्याशिवाय बाळाच्या पारपत्राचा अर्ज करायचा नाही, असे पुतणीने ठरवले होते. एकदा चुकीचे नाव पारपत्रावर गेले की ते निस्तरणे फार कठीण. इकडे माझ्या मातोश्रींचे वय अठ्ठ्याऐंशी. पणतीला मांडीवर घेतल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत असे त्या रोज म्हणत. त्यामुळे घाई तर होती, पण घाई करून भागणारे काम नव्हते.

पुतणीचा जन्म तिच्या आजोळी झाला. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. त्यामुळे जन्माची नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत झाली. तिच्याजवळ असलेला दाखला तेव्हाचा, संपूर्ण मराठीत, ग्रामसेवकांच्या हस्ताक्षरातला होता. नावे बदलून देतो, पण मांडणी तीच ठेवतो. बाळाचे नाव ‘राजमती’ एवढेच. वडिलांचे नाव ‘शांतिनाथ आण्णा शहा’. आईचे नाव ‘सौ. सुशीला’. जन्मतारीख ०३/०७/१९९२, नोंदणीची तारीख ०६/०७/१९९२. शेवटच्या रकान्यात शेरा: ‘बाळाचे नाव दि. १२/०१/१९९३ रोजी दाखल केले.’ खाली गोल शिक्का आणि न वाचता येणारी सही.

याचे पहिले भाषांतर इकडेच, जर्मन शिकवणाऱ्या एका गृहस्थांकडून करून घेतले गेले होते. त्यांची भाषा उत्तम होती असे पुढे कळले. अडचण भाषेची नव्हतीच. मूळ दाखल्यात आडनाव नसताना त्यांनी पारपत्र पाहून ‘शहा’ हे आडनाव बाळाच्या नावापुढे लिहून टाकले. शेऱ्याची ओळ बिनमहत्त्वाची समजून गाळली. आणि आईच्या नावामागचा ‘सौ.’ रोमन लिपीत जसाच्या तसा ठेवला. एस, ए, यू या तीन अक्षरांचा जर्मन शब्द होतो आणि त्याचा अर्थ होतो डुकरीण. शिवीसारखाही तो वापरला जातो. पुतणीच्या सासूबाईंना हे अजून आम्ही सांगितलेले नाही, कारण त्यांच्याही कागदावर ‘सौ.’ आहे.

हसण्याचा भाग सोडला तरी ‘सौ.’, ‘श्री.’, ‘चि.’, ‘कै.’ हे आपले उपपद नावाचा भाग नाहीत, हे परक्या भाषेच्या वाचकाला आपोआप कळत नाही. ‘सौ.’चे भाषांतर ‘फ्राउ’ करून, ‘विवाहित स्त्रीच्या नावापूर्वी लावायचे उपपद’ अशी टीप द्यावी लागते. पत्त्यातल्या ‘मु. पो.’चीही हीच गत आहे. ते गावाच्या नावाचे पहिले अक्षर समजले गेले तर गावच बदलते.

शेरा गाळण्याचा परिणाम मात्र गंभीर होता. जर्मनीत बाळाचे नाव जन्मनोंदीबरोबर किंवा फार तर महिनाभरात कळवावे लागते. आपल्याकडे बारसे होईपर्यंत नाव नसते. म्हणून आपला कायदाही नावाशिवाय जन्म नोंदवू देतो आणि नाव पुढे दाखल करण्याची सोय ठेवतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाचे कलम १४ याच सोयीचे आहे. पुतणीचे नाव सहा महिन्यांनी दाखल झाले, यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. पण भाषांतरात तो शेरा नव्हता आणि मुळात एक ओळ जास्त दिसत होती. मराठी न येणाऱ्या अधिकाऱ्यालाही ओळी मोजता येतात. भाषांतरात गाळलेली ओळ त्याला लपवलेली ओळ वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. मीही बँकेत तसेच केले असते.

या सर्वांपेक्षा मोठी अडचण मधल्या नावाची होती. तिचे मूळ आपल्या नावांच्या घडणीत आहे. जर्मन नोंदीत नावाचे दोनच खण असतात. एक फोरनामे, म्हणजे स्वतःचे नाव, एक किंवा अधिक. दुसरा फामिलिएननामे, म्हणजे कुळाचे नाव. लग्नाने कुळाचे नाव बदलू शकते, आणि जन्मावेळचे आडनाव ‘गेबुर्ट्सनामे’ म्हणून वेगळे नोंदले जाते. स्वतःचे नाव मात्र लग्नाने बदलत नाही. आता आपली पद्धत पाहा. लग्नापूर्वी ‘राजमती शांतिनाथ शहा’, लग्नानंतर ‘राजमती’ तीच, पण वडिलांच्या जागी पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. भारतीय पारपत्रात मधल्या नावासाठी वेगळा रकाना नसतो. ते स्वतःच्या नावाबरोबर एकाच रकान्यात छापले जाते. त्यामुळे जर्मन अधिकाऱ्याच्या समोर चित्र असे उभे राहते: जन्मदाखल्यात फोरनामे एक, जुन्या पारपत्रात दोन, नव्या पारपत्रात दोन पण त्यांतला दुसरा वेगळा. आडनाव बदलले ते ठीक, पण लग्नामुळे कोणाचे फोरनामे बदलते? ही एकच व्यक्ती आहे कशावरून?

याचे उत्तर भाषांतरकाराने मूळ मजकुरात नावे भरून द्यायचे नसते. त्याने तळटीप द्यायची असते: मधले नाव हे वडिलांचे नाव असून विवाहानंतर रिवाजाप्रमाणे त्या जागी पतीचे नाव येते. एवढीच माहिती, निवाडा नाही. नाव कोणते धरायचे हे श्टांडेसआम्ट ठरवते आणि ते ठरवण्यासाठी त्याला पुरावे लागतात. माहेरच्या नावाचे रद्द झालेले पारपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाहदाखला या तिन्ही कागदांत जन्मतारीख आणि पूर्ण नाव होते. जन्मदाखल्यात नसलेले आडनाव ह्या कागदांनी सिद्ध करायचे होते. भाषांतराने ते काम अंगावर घेतले म्हणूनच पहिली फाईल अडली.

मग मी क्रम उलटा लावला. आधी मूळ, नंतर भाषांतर. ग्रामपंचायतीतून दाखल्याची ताजी प्रत मागवली. हल्लीचे दाखले मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापील नमुन्यावर मिळतात. नोंदवही तीच, पण कागद नवा असतो आणि हस्ताक्षर वाचण्याचा प्रश्न मिटतो. जर्मन भाषांतरासाठी या नमुन्याचा मोठा फायदा आहे. मराठीतून भाषांतर करण्याचा न्यायालयीन अधिकार असलेले लोक जर्मनीत मोजकेच, इंग्रजीतून करणारे विपुल. मात्र एक लक्षात ठेवावे. दोन भाषांपैकी एकीचेच भाषांतर करून घ्यायचे असेल तर दोन्ही मजकूर अक्षरशः जुळले पाहिजेत, कारण कागदावर दोन्ही छापलेले असतात. आमच्या प्रतीवर मराठीत ‘राजमती’ बरोबर होते, पण इंग्रजीत टंकलेखकाने ‘आर’ आणि ‘जे’ यांच्यामध्ये एक ‘ए’ होता तो ठेवून ‘जे’नंतर आणखी एक घातला होता. पारपत्रात तो नव्हता. मूळ नोंद मराठीत असल्यामुळे आणि ती निर्दोष असल्यामुळे ग्रामसेवकांनी इंग्रजी वर्णरचना पारपत्राप्रमाणे करून दुसरी प्रत दिली. नोंदवहीतच चूक असती तर कलम १५ प्रमाणे अर्ज करावा लागला असता. त्या कलमाची भाषा कोणत्याही जुन्या मुनीमाला पटेल अशी आहे: मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची.

नव्या प्रतीवर शेरा कायम आहे ना, हे मी मुद्दाम पाहिले. काही घरांत असा शेरा ‘डाग’ समजून तो नसलेली प्रत मागण्याचा आग्रह होतो. तसे कधीही करू नये. कारण पुढे सांगतो.

इंग्रजी अक्षरांचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. देवनागरीचे रोमन लिप्यंतर कसे करावे यासाठी आयएसओ १५९१९ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याप्रमाणे ‘शहा’ लिहिताना ‘एस’वर तिरकी रेघ आणि शेवटच्या ‘ए’वर आडवी रेघ येते. फक्त मराठीत असलेल्या जुन्या दाखल्याचे भाषांतर करताना भाषांतरकार याच मानकाने नावे लिहितो. परंतु पारपत्रात नाव रोमन लिपीत आधीच ठरलेले असेल तर ते पारपत्राचे रूप पुढे चालवायचे असते. म्हणून भाषांतरकाराला कामाबरोबर पारपत्राच्या पानाची प्रत द्यावी आणि ‘पारपत्रानुसार वर्णरचना’ अशी टीप घालायला सांगावे. जर्मन कानाला जवळचे म्हणून ‘एस’नंतर ‘सी’ घालून ‘शहा’ लिहिण्याचा मोह काहींना होतो. त्या एका अक्षराने माणूस दुसरा होतो.

भाषांतर कोणाकडून करायचे? जर्मनीत कागद द्यायचा तर तिथल्या न्यायालयाने शपथ दिलेल्या किंवा अधिकार दिलेल्या भाषांतरकाराकडून. त्यांचे पदनाम राज्याराज्यांत वेगळे असते, पण एका राज्यात मिळालेला अधिकार दुसऱ्या राज्यातली कार्यालयेही मानतात. त्यांची सरकारी यादी justiz-dolmetscher.de या संकेतस्थळावर भाषेनुसार शोधता येते. मोबदला बहुधा ओळीवर ठरतो आणि ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून पंचावन्न अक्षरे. जन्मदाखल्यासारखा लहान कागद असेल तर किमान रक्कम ठरलेली असते. आम्हाला मराठी जाणणाऱ्या एक बाई मिळाल्या. त्यांच्याशी दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यात मला या विद्येची शिस्त कळली आणि त्या शिस्तीने मी खरोखर सुखावलो.

माथ्यावर ‘मराठी व इंग्रजी भाषेतून प्रमाणित भाषांतर’ असे लिहायचे. कागदाची मांडणी मूळाप्रमाणे, रकान्याखाली रकाना. शिक्का दिसतो तिथे चौकटी कंसात ‘गोल शिक्का’ आणि त्यातला मजकूर. सही वाचता येत नसेल तर ‘उंटरश्रिफ्ट, उनलेजरलिख’, म्हणजे सही, अवाच्य. रिकामा रकाना रिकामा सोडायचा नाही, ‘काइन आइनट्राग’, नोंद नाही, असे लिहायचे. आडनावाच्या जागी त्यांनी हेच लिहिले. मुळात चूक असेल तर ती सुधारायची नाही, ‘मूळात असेच’ म्हणून दाखवायची. तारीख मात्र जर्मन पद्धतीने, दिवस-महिना-वर्ष, मध्ये तिरक्या रेघांऐवजी टिंबे. ०३/०७ म्हणजे जुलै की मार्च, अशी शंका कोणी घेऊ नये म्हणून बाईंनी महिना अक्षरी लिहिला. शेवटी पूर्णता आणि अचूकता यांची ग्वाही, भाषांतर अस्सल कागदावरून केले की प्रतीवरून याचा उल्लेख, सही, शिक्का. मूळाची प्रत आणि भाषांतर एकत्र टाचून, दुमडलेल्या कोपऱ्यावर असा शिक्का मारायचा की पान काढले तर लगेच कळावे. आमच्या तिजोरीच्या किल्ल्यांची पाकिटे आम्ही अशीच बंद करत असू.

संज्ञांबद्दल त्या फार काटेकोर होत्या. ‘जिल्हा’ला त्यांनी ‘डिस्ट्रिक्ट’ ठेवले, ‘लांडक्राइस’ केले नाही, कारण लांडक्राइस ही तिथली वेगळी स्वराज्य संस्था आहे. ‘तालुका’ आणि ‘ग्रामपंचायत’ हे शब्द तसेच ठेवून पुढे दोन शब्दांत अर्थ दिला. ‘निबंधक, जन्म-मृत्यू’ याला ‘श्टांडेसबेआम्टर’ म्हणायला त्यांनी नकार दिला. तो त्यांच्या नोंदणी अधिकाऱ्याचा हुद्दा आहे आणि त्यासाठी लागणारे शिक्षण व अधिकार वेगळे. त्यांनी ‘जन्म व मृत्यूंच्या नोंदवहीचा अधिकारी’ असे सरळ वर्णन केले. ‘ग्रामसेवक’चे शब्दशः भाषांतर केले तर गावचा नोकर होतो, म्हणून तिथेही मूळ शब्द आणि टीप.

पदवीच्या कागदालाही हाच न्याय आहे. माझ्यासारख्या एम.कॉम. झालेल्याची पदवी जर्मनीत ‘डिप्लोम-काउफमान’ म्हणून लिहिली तर ऐकायला भारदस्त वाटेल, पण ती जर्मन विद्यापीठाची पदवी आहे, आमची नव्हे. पदवीचे नाव मूळ रूपात ठेवतात. समकक्षता ठरवणे हे वेगळ्या कार्यालयाचे काम आहे. श्रेणीचेही तसेच. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर उत्तीर्ण. आपल्या ‘प्रथम श्रेणी’चे रूपांतर भाषांतरकाराने करू नये, जशी आहे तशी लिहावी. आपल्या विद्यापीठांची बरीच पदवीपत्रे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात आणि कित्येक जर्मन विद्यापीठांना इंग्रजी चालते. तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी त्यांना लेखी विचारावे.

आता शेरा का लपवू नये, ते. पुष्कळ लोक परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिलचा शिक्का घेऊन निश्चिंत होतात. भारत २००५ मध्ये त्या करारात सामील झाला, हे खरे. परंतु जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवल्यामुळे आपला तो शिक्का जर्मन कार्यालयात पुरेसा ठरत नाही. जर्मन वकिलातीने भारतीय कागदांचे प्रमाणीकरणही थांबवलेले आहे. त्याऐवजी तिथल्या कार्यालयाला शंका आली तर ते वकिलातीमार्फत कागदाची तपासणी करवते आणि त्यासाठी नेमलेला वकील प्रत्यक्ष नोंदवहीपर्यंत जातो. खर्च अर्जदाराचा आणि वेळ महिन्यांचा.

पहिल्या भाषांतरामुळे आमचीही फाईल त्या वाटेला गेली. एके दिवशी ग्रामपंचायतीतून मला फोन आला. “काका, एक वकीलसाहेब आले होते. ब्याण्णवची नोंदवही मागितली, पान बघितलं, शेरा उतरून घेतला आन् गेले.” मी विचारले, “आणखी काही विचारलं?” “नाही. आपल्या दाखल्याशी लावून बघितलं आन् मान डोलावली.”

त्यानंतर सात आठवड्यांनी पुतणीला कार्यालयातून बोलावणे आले. ‘सिद्ध झालेली नाही’ हा शेरा निघाला. आईच्या फामिलिएननामेच्या खणात सासरचे आडनाव आणि गेबुर्ट्सनामे म्हणून ‘शहा’, पारपत्राच्याच अक्षरांत. दाखला लिहिण्यापूर्वी अधिकारीबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला: बाळाच्या फोरनामेच्या खणात एकच नाव लिहायचे, की वडिलांचेही? लिहिले तर ते जर्मन नोंदीत तिचे स्वतःचे दुसरे नाव समजले जाईल आणि पुढे लग्न झाले म्हणून बदलणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. जावई क्षणभर पुतणीकडे पाहत राहिले. पुतणीने ‘एकच’ असे सांगितले.